अनुभव धागा: बारावी कॉमर्स, बीके आणि एसपीला रोज एकेक तास?

वहीखाते
भाचीने फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलंय. बीके ५ ते ६, एसपी ६ ते ७, ओसी ७ ते ८, रोज. ते बघून शिकवणीची वर्षं आठवली. दर वर्षी निम्म्या मुलांचं वेळापत्रक असंच असायचं, म्हणून धागा काढतेय. तुम्ही ही वाटणी कशी करता/करवून घेता ते लिहा.

माझं म्हणणं आधी मांडते. बीकेला तास कापून देऊन चालत नाही. भागीदारीची अंतिम खाती घ्या, १२ मार्कांचं गणित. पेपर ८० मार्कांचा, वेळ तीन तास. शेवटची दहा मिनिटं तपासायला ठेवली तर या गणिताला साधारण २५ मिनिटं मिळतात. पण सुरुवातीला त्यालाच पन्नास मिनिटं लागतात, आणि ताळेबंद जुळला नाही तर चूक शोधायला आणखी वीस. म्हणजे एका तासात गणित लिहून होतं आणि चूक शोधायच्या वेळी एसपी सुरू होतं! खरं शिकणं तर त्या वीस मिनिटांत असतं. म्हणून दिवसाआड दीड तासाची एकसलग बैठक. मधल्या दिवशी वीस मिनिटं नुसत्या अ‍ॅडजस्टमेंट, तेवढ्याने हात गरम राहतो.

एसपीचं उलट. पंचवीस मिनिटं पुरे, पण रोज. आणि तेच प्रकरण दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी परत समोर आलं पाहिजे. एका रविवारी तीन तास बसून पाठ केलेलं पुढच्या रविवारपर्यंत टिकत नाही.

पक्या_सोलापूर
एवढं कशाला. बीकेला वेळ ठरवायचीच नाही. बॅलन्स शीट टॅली झाली की उठायचं. टॅली म्हणजे बरोबर.

जुना_मुनीम
पक्या, इथेच मार्क जातात रे. ऋणको ४०,०००, अ‍ॅडजस्टमेंटमध्ये १,००० बुडीत आणि ५% आरडीडी. बरोबर रीत म्हणजे आधी १,००० वजा करायचे, मग ३९,००० वर ५%, म्हणजे १,९५०. ताळेबंदात ऋणको ३७,०५०. पोरं घाईत ४०,००० वर काढतात, २,००० येतात. तो आकडा नफा-तोट्यातही जातो आणि ऋणकोतूनही वजा होतो, म्हणून ताळेबंद मस्त जुळतो. गणित चुकलेलंच असतं. जुळलं म्हणजे दोन्ही परिणाम दिलेत, एवढंच कळतं. आकडा बरोबर आहे का, ते उत्तर ताडून बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि जुळलं नाही तर आधी फरक बघावा. येणे बाकी मजुरी १,२०० आहे आणि फरकही बरोबर १,२०० आला, तर एक परिणाम राहिलाय. २,४०० आला तर चुकीच्या बाजूला गेलाय. हे बघायची सवय लागली की वीस मिनिटांची शोधाशोध पाचवर येते.

वहीखाते
काका, "देणे बाकी मजुरी" म्हणायचंय ना 🙂 बाकी शंभर टक्के.

जुना_मुनीम
हो हो, देणे बाकी. फोनवर टाइप करतोय, चष्मा देवघरात.

ठाण्याची_आई
वेळापत्रक जाहीर झालं का बोर्डाचं? बीके आणि एसपीमध्ये सुट्टी आहे का ते कुणी सांगेल का? मुलगा म्हणतो आहे, मला विश्वास नाही.

पक्या_सोलापूर
ताई, हे घरच्या वेळापत्रकाबद्दल चाललंय. बोर्डाचं बोर्डाच्या साइटवर बघा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं धरू नका.

अनघा_एसपी
एसपीवाल्यांच्या वतीने. नुसतं "रोज पंचवीस मिनिटं" म्हटलं की मुलं पंचवीस मिनिटं वाचतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, त्यावर जाऊ नका. पहिली आठ मिनिटं पुस्तक बंद. कोऱ्या कागदावर काल-परवाच्या प्रकरणाचे फक्त मुद्दे लिहायचे. भाग आणि कर्जरोखे यांतला फरक घेतला तर अर्थ, धारकाचा दर्जा, मिळणारा मोबदला, मतदानाचा हक्क, परतफेड, एवढी शीर्षकं आठवली की आतली वाक्यं आपसूक येतात. मग पुस्तक उघडून जे राहिलं तेवढंच लाल पेनने लिहायचं. उद्या सुरुवात लाल शब्दांपासून. नवीन मजकूर त्यानंतर.

दुसरं म्हणजे सारखी दिसणारी प्रकरणं एका दिवशी घेऊ नका. भाग प्रमाणपत्र वाटपापासून २ महिन्यांत द्यायचं, कर्जरोखे प्रमाणपत्र ६ महिन्यांत. दोन्ही एकाच संध्याकाळी पाठ केलं की परीक्षेत अदलाबदल ठरलेली. लाभांशाचं तसंच. जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत द्यायचा, न दिलेला त्यापुढच्या ७ दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचा, आणि तिथे ७ वर्षं पडून राहिला तर गुंतवणूकदारांच्या निधीत जमा. सात दिवस आणि सात वर्षं इथे हमखास घोळ होतो. आधी वेगवेगळ्या दिवशी पक्कं करा, आठवड्याने शेजारी शेजारी मांडून लिहा.

रोहन११
माझी नीट आहे. फिजिक्स आणि बायोला हेच चालेल का? मी सकाळी बायो वाचतो, रात्री फिजिक्स, आणि रात्री झोप येते.

अनघा_एसपी
मग अदलाबदल कर. गणितं डोकं ताजं असताना, बायोचे मुद्दे झोपायच्या आधी वीस मिनिटं.

जुना_मुनीम
मला नाही पटत. पेपर ज्या वेळेला असतो त्या वेळेला गणित सोडवायची सवय हवी. सकाळ-रात्र ज्याची त्याची.

मीनल_गृहिणी
आमच्याकडे सकाळी कुकरच्या शिट्ट्यांत ना पाठांतर होतं ना गणित. आजच्या पोह्यांत मीठ राहिलं ते या धाग्यामुळे 😄
एक खरंच विचारायचंय. बीकेच्या आदल्या दिवशी नवं गणित सोडवू द्यावं का? मुलगी हट्ट करतेय.

वहीखाते
नवं मोठं गणित नको. अडलं तर रात्र त्यातच जाते. खात्यांचे नमुने एकदा हाताने आखायचे, चुकांच्या वहीतल्या अ‍ॅडजस्टमेंट सोडवायच्या, आधी सोडवलेलं एक गणित घड्याळ लावून. चुकांच्या वहीत पूर्ण गणित लिहायचं नाही, एकच ओळ. "यंत्र ६०,०००, त्यातलं २०,००० चं १ ऑक्टोबरला घेतलं, वर्ष ३१ मार्चला संपतं, घसारा १०%: ४,००० + सहा महिन्यांचे १,००० = ५,०००. मी ६,००० लिहिले." अशी.

जुना_मुनीम
मी एक नवं गणित देतो, पण आठ मार्कांचं, हुंड्यांचं. पूर्ण थांबलं की वेग पडतो.

वहीखाते
हुंड्यांचं चालेल. अंतिम खाती नको, यावर मी ठाम.

मीनल_गृहिणी
आणि एसपीच्या आदल्या दिवशी?

अनघा_एसपी
पंधरा दिवसांचे ते मुद्द्यांचे कागद जपून ठेवलेत ना? बाराही प्रकरणं, प्रत्येकाला दहा मिनिटं, फक्त लाल शब्द. दोन तासांत सगळं एकदा फिरून होतं. मग भागधारकांना, कर्जरोखेधारकांना आणि ठेवीदारांना प्रत्येकी एक पत्र पूर्ण लिहायचं, कारण पत्राचा आराखडा नुसता वाचून हातात बसत नाही. कागद नसतील तर पुस्तक पहिल्या पानापासून उघडू देऊ नका, स्वाध्यायातले फरकांचे प्रश्न आधी घ्या.

ठाण्याची_आई
साइट उघडत नाहीये.