गोल्फचा पहिला आयर्न सेट घेतोय: शाफ्ट रेग्युलर की स्टिफ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय 44, सहा महिने रेंजवर भाड्याच्या क्लबने खेळतोय. आता स्वतःचा सेट घ्यायचाय आणि दोन जुन्या सेटवर गाडी अडली आहे.

पहिला स्टीलचा, शाफ्ट स्टिफ, 7 आयर्नचा लॉफ्ट 33 अंश, पिचिंग वेज 46. दुसरा ग्रॅफाइटचा, रेग्युलर, 7 आयर्न 28 अंश आणि वेज 43.

माझा 7 आयर्न हवेत जेमतेम 120 यार्ड जातो. त्या वेगाला रेग्युलर पुरे, हे कळतं. स्टिफ मारून पाहिला तेव्हा चेंडू बुटका उडून उजवीकडे गेला (मी उजखोरा). पण माझा क्लबफेस उघडा राहतो, हेही खरं. मग दोष शाफ्टचा की माझा, हे कसं ओळखायचं?

दुसऱ्या सेटने चेंडू दहाएक यार्ड लांब गेला. दुकानदार त्यावरच खूश! मला वाटतं, ही लॉफ्टची करामत आहे. त्याचा 7 म्हणजे पहिल्यातला जवळपास 6च. शिवाय चेंडू ग्रीनवर पडून थांबत नाही, पुढे घरंगळतो. माझ्याकडे 56 अंशांची सँड वेज आहे. 43 नंतर थेट 56 म्हणजे मधे 13 अंशांचं भगदाड.

रेग्युलर सेट घेऊन मधे 49-50 अंशांची एक वेज घालू, की लॉफ्ट जास्त असलेला रेग्युलर सेट शोधत थांबू? कमी वेगात 28 अंशांचा 7 आयर्न कुणी वापरलाय का?