अनुभव सांगा: जुना फ्लॅट रिडेव्हलपमेंटला द्याचा होता तेव्हा बिल्डरची ऑफर तुम्ही कशी तोलली?

दारव्ह्याची लेक
काल तूर वाळू घालायला जुनी चादर शोधून राह्यली होती तर पेटीत बाबांचा मोजायचा लोखंडी टेप सापडला. 1989 मध्ये नागपूरचा फ्लॅट ताब्यात घेतला तेव्हा बाबांनी याच टेपने हॉल मोजला होता, मी दुसरं टोक धरून उभी होती, आठ वर्षांची असन. आता बाबा नाहीत, आई आणि मी इकडे गावात, फ्लॅटमध्ये भाडेकरू आहे, साडेसात हजार देते बिचारा दर महिन्याले. सोसायटीत सोळा घरं, लिफ्ट नाही, स्लॅब गळते. बिल्डरनं पत्र दिलं, जुन्या एरियावर 35 टक्के जास्त, 30 महिने 9 हजार भाडं, पुढच्या देखभालीसाठी एकरकमी अडीच लाख कॉर्पस. सगळे खूश आहेत, पण मले रात्री झोप नाही कारण आईचं नागपुरात तेवढंच आहे. पुढच्या रविवारी मीटिंग आहे. ज्यांनी हे भोगलं त्यांनी लिहा, कितीही लांब असलं तरी वाचीन.

मोर्शीवाला
ताई 35 चांगलं आहे घेऊन टाका. कायद्यानं एवढं द्यावंच लागते.

उमरेडचे काका
नाही जी, असा कायदा नाही. किती टक्के द्याचे हे प्लॉट केवढा, रस्ता किती रुंद, एफएसआय म्हणजे प्लॉटच्या मानानं बांधकाम किती करता येते आणि बिल्डरले विकायला किती उरते यावर ठरते. मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो, आयुष्य मोजमाप पुस्तकं भरण्यात गेलं. बेटा, आधी हे सांग, 35 टक्के कशावर? बाबांच्या ॲग्रीमेंटमध्ये किती फूट लिहिले आहेत आणि पुढे कोणता शब्द आहे?

दारव्ह्याची लेक
काका 525 चौरस फूट बिल्टअप लिहिलं आहे. पत्रात 709 येते, त्याच्या पुढे 'सेलेबल' लिहिलं आहे.

उमरेडचे काका
मंग तिथंच गाठ आहे. हे दोन शब्द एकमेकांशी तुलना करण्यासारखे नाहीत. तू एक काम कर, भाडेकरूले विचारून बाबांच्याच टेपने भिंतीच्या आतून आतून प्रत्येक खोली मोज आणि बाल्कनी वेगळी लिही, आत मिळवू नको.

वरोऱ्याची वहिनी
आमच्या सासूबाईंचा फ्लॅट गेला होता असाच, सगळं ठीक होतं पण भाड्यानं दमवलं. स्वयंपाक चालू आहे, रात्री लिहिते.

आर्वीचा पोट्टा
आमच्या घरकुलाचा दुसरा हप्ता अजून आला नाही, त्याचं काही माहीत आहे का कोणाले?

मोर्शीवाला
भाऊ हे वेगळं आहे, फ्लॅटचं चालू आहे. तू ग्रामपंचायतीत जाऊन यादी पाह्य.

दारव्ह्याची लेक
काल बसनं जाऊन मोजून आली. हॉल 10 बाय 14, बेडरूम 10 बाय 11, किचन 8 बाय 9, मधला बोळ 3 बाय 10, संडास-न्हाणी मिळून 4 बाय 8. बाल्कनी 4 बाय 9. खोल्यांची बेरीज 384 आणि बाल्कनी 36. काका, 525 कुठं गेले? भाडेकरूच्या बायकोनं टेपचं दुसरं टोक धरलं, मले तर रडूच आलं तिथं.

उमरेडचे काका
525 मध्ये बाहेरच्या भिंती, जिन्याचा वाटा, सगळं आहे, फसवणूक नव्हती, त्या काळी असंच लिहीत. पण आताच्या रेरा कार्पेटमध्ये खोल्यांबरोबर आतल्या आडभिंतींची जाडी धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. तुझ्या आडभिंतींचे अंदाजे 16 फूट धर, म्हणजे तुझा जुना फ्लॅट आजच्या भाषेत 400.

आता त्याचं 709. सेलेबल म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी सगळ्याचा भार चढवलेला आकडा. त्यानं 40 टक्के चढवले असतील असं धर, तर 709 भागिले 1.4, म्हणजे 506. आणि त्या 506 मध्ये 50 फुटाची बाल्कनी धरली असली तर आतलं घर 456 राहते. 400 चे 456, म्हणजे 14 टक्के, 35 नाही. माझे भागाकार अंदाजाचे आहेत, त्यानं किती चढवले हे त्याच्याकडून लेखी घे. ॲग्रीमेंटमध्ये तुझ्या नावापुढे रेरा कार्पेट चौरस मीटरमध्ये, बाल्कनी वेगळ्या ओळीत, आणि सोबत प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी असलेला नकाशा, एवढं मागितल्याशिवाय टक्केवारी ऐकूच नको.

वणीचा शिक्षक
काका मी तर 709 च पाहून सही केली असती. आमचं वर्ध्याला आहे, पण सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे, डीड ऑफ डिक्लरेशनवालं. तिथं 51 टक्के लोकांच्या होकारावर काम चालते म्हणून अध्यक्ष सांगून राह्यला, खरं आहे का?

उमरेडचे काका
सर, ते 51 टक्के 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयातलं आहे आणि तो सहकारी गृहनिर्माण सोसायटीसाठी आहे, कलम 79ए खाली. तुमचं अपार्टमेंट कायद्याखाली असन तर ते लागू होते असं धरून चालू नका, डीड घेऊन वकिलाले दाखवा. नागपूर-वर्ध्यात अपार्टमेंटलाच लोक सोसायटी म्हणतात, म्हणून घोळ होते. बेटा, तुमची पण नोंदणी पाह्य.

दारव्ह्याची लेक
आमची सोसायटीच आहे, शेअर सर्टिफिकेट पेटीत आहे, आईच्या नावानं वारस लावलेलं.

वरोऱ्याची वहिनी
आली. तर ऐका. सासूबाईंना 24 महिन्यांचं भाडं कबूल केलं होतं. त्या भाड्याच्या घरात राह्यल्या, मुलाकडे जात नव्हत्या, माणूस आपल्या मनानं राहते. पहिले 14 महिने चेक बरोबर, मंग एक दिवस चेक परत आला, बँकेत सही मिळत नाही म्हणे, मंग पुढचा आलाच नाही. बिल्डर म्हणे विक्री थंडी आहे. इकडे इमारत तर पाडून टाकलेली, परत जायला जागा कुठं. शेवटी आम्ही त्यांना गावी आणलं, देवघरातली समई आणि शिलाई मशीन सोबत. घर अजूनही अर्धंच आहे. भाडं किती याच्यापेक्षा भाडं कधीपर्यंत आणि थांबलं तर काय, हे कागदावर पाहिजे होतं ते आम्ही पाह्यलंच नाही.

मोर्शीवाला
वहिनी काळजाला लागलं.

उमरेडचे काका
वहिनींनी लिहिलं तेच मुख्य आहे. '30 महिने' लिहू देऊ नका. 'घर खाली केल्यापासून भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देईपर्यंत' असं लिहा. हिशेब पाहा, 9 हजार गुणिले 30 म्हणजे 2 लाख 70 हजार. काम 48 महिन्यांवर गेलं तर वरचे 18 महिने म्हणजे 1 लाख 62 हजार, हे कोणाच्या खिशातून जाणार हे आजच ठरते. वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक आगाऊ आणि दरवर्षी नवीन, तेही वाढीव. शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी आहे, बरेच बिल्डर ती टाळायला पाहतात, तुमचे अध्यक्ष काय म्हणतात विचारा. आणि मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी हातात आल्याशिवाय एकानंही घर खाली करू नये.

आर्वीचा पोट्टा
चेक परत आला तर केस करता येते ना?

वरोऱ्याची वहिनी
करता येते बाळा, केली पण. तारखा पडतात. तोपर्यंत घरमालक भाडं मागतेच.

दारव्ह्याची लेक
एक मनात येते, आम्ही गावात राहतो, म्हणून हे भाडं आम्हाले मिळणार की नाही? भाडेकरूच तिथं राहते.

मोर्शीवाला
भाडेकरूले मिळन ना, तोच तर बाहेर पडते.

उमरेडचे काका
नाही, करार सदस्याशी असते, भाडं आईले. लिव्ह अँड लायसन्सवाल्या भाडेकरूले आईनं वेळेत नोटीस द्यावी आणि डिपॉझिट परत करावं. पण बेटा, आज 7,500 येतात म्हणून 9 हजार मिळाले तर फक्त दीड हजाराची वाढ आहे, आणि ते थांबले तर आईचे साडेसातही गेले. गावातल्या माणसासाठी भाडं म्हणजे उत्पन्न आहे, घरभाडं नाही, म्हणून तुझ्यासाठी वेळेवर येणं जास्त महत्त्वाचं आहे.

वणीचा शिक्षक
कॉर्पस राहिलं. आमच्याकडे म्हणतात तो सोसायटीच्या खात्यात जाते.

उमरेडचे काका
कुठं सोसायटीच्या फंडात जाते, कुठं सदस्याच्या हाती, कुठं दोन भागांत. करारात शब्द पाहाच. पण अडीच लाख म्हणजे काय ते पाह्य. आता मेंटेनन्स किती?

दारव्ह्याची लेक
500.

उमरेडचे काका
नवीन इमारतीत लिफ्ट, वॉचमन, पंप, जनरेटर, पार्किंगचे दिवे. 2,500 धर. वाढ 2 हजार, वर्षाचे 24 हजार. अडीच लाखावर 7 टक्के धरले तर 17,500 व्याज. म्हणजे कॉर्पस असूनही आईच्या खिशातून वर्षाला 6,500 जाणार आणि मेंटेनन्स तिथंच थांबत नाही. आता दुसरा प्रश्न, हे अडीच लाख कधी देणार?

दारव्ह्याची लेक
पत्रात 'ताबा देतेवेळी' आहे. काका, दुसऱ्या बिल्डरचंही पत्र आहे, ते कोणी वाचलंच नाही कारण तिथं कॉर्पस 1 लाखच आहे. त्यात 450 रेरा कार्पेट, 45 बाल्कनी वेगळी, भाडं 10 हजार. 1 लाखातले अर्धे करारावर, अर्धे घर खाली करतेवेळी.

उमरेडचे काका
मंग ते पत्र वाचा. पहिल्याचं घर 456 आणि बाल्कनी 50, दुसऱ्याचं 450 आणि 45. फरक 6 आणि 5 फुटांचा, एका कपाटाएवढा. भाडं दुसऱ्याचं 30 महिन्यांत 30 हजारानं जास्त. कॉर्पस पहिल्याचं दीड लाखानं जास्त, पण तो ताब्यावर, म्हणजे सगळ्यात शेवटी, ताबा लांबला तर तोही लांबला. दुसरा पैसे घर पाडायच्या आधीच देऊन राह्यला. मी पहिल्याले एवढंच म्हणीन की कॉर्पस करारावर अर्धं दे, मंग बोलू. तो काय उत्तर देते त्यावरून माणूस कळते. पण दुसऱ्यानं आधी कोणती इमारत वेळेत दिली का, तिथं जाऊन राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

आर्वीचा पोट्टा
घरकुलाच्या यादीत नाव आहे जी! हप्ता पुढच्या महिन्यात म्हणे.

वरोऱ्याची वहिनी
बाळा खूप आनंद झाला! आणि ताई, मीटिंगमध्ये निबंधकाचा माणूस आणि व्हिडिओवाला आला की नाही पाहा, आमच्याकडे सही घेतली ती दारोदार फिरून घेतली.

दारव्ह्याची लेक
रविवारी आई स्वतः येते म्हणाली, गुडघे दुखतात तरी. काकांचे आकडे वहीत मोठ्या अक्षरात उतरवून घेतले, तीन पानं झाली. सोळा घरं मोजायची असं ठरवलं आहे, शेजारच्या मामांनी टेप धरायला होकार दिला. 709 चं उत्तर बिल्डरकडून आलं की इथंच लिहीन.