मदत हवी आहे: ‘रॉयल्टी-फ्री’ बासरीवर कॉपीराइट क्लेम आलाय

राजगडाच्या ट्रेकचा १२ मिनिटांचा व्हिडिओ मी यूट्यूबवर टाकला. संजीवनी माचीच्या दृश्यांखाली बासरीचा एक तुकडा होता, एका फुकट संगीताच्या साइटवरून उतरवलेला. तासाभरात क्लेम हजर! २:१४ ते ३:४० एवढाच भाग, पण जाहिरातीचे पैसे (असतील तेवढे!) आता दावेदाराला. स्ट्राइक नाही, व्हिडिओही दिसतोय, एवढं समाधान.

माझी समजूत अशी होती की रॉयल्टी-फ्री म्हणजे कुणाची मालकीच नाही. तसं नसतं. मालक असतोच, फक्त दर वापराला पैसे मागत नाही. त्यानेच ते रेकॉर्डिंग कंटेंट आयडीत नोंदवलं असेल, तर यंत्रणेला माझं लायसन्स कुठून दिसणार?

स्टुडिओत तो भाग कापणे, गाणं बदलणे किंवा आवाज बंद करणे हे पर्याय दिसतात. डिस्प्यूट केला तर दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. अडचण अशी की उतरवलं त्या दिवशीच्या लायसन्स पानाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे नाही, आणि साइटवरून तो ट्रॅक आता गायब आहे. फक्त जुना डाउनलोड मेल आहे. तेवढ्यावर डिस्प्यूट करावा का, की मुकाट्याने गाणं बदलावं?

दुसरं, यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत ‘Attribution not required’ हा फिल्टर लावून शोधतोय, पण सह्याद्रीला शोभेल अशी बासरी-संबळ सापडेना. क्रिएटिव्ह कॉमन्स BY चालेल, श्रेय वर्णनात देईन. NC मात्र नको, जाहिराती चालू आहेत. असे ट्रॅक कुठे मिळतात, कुणी स्वतः वापरलेत का?