मदत हवी आहे: ट्रेंडवरच्या रीलची कॅप्शन, हसू यावं पण कोणी दुखावू नये

शब्दवेल्हाळ

पाण्याच्या बाटल्या बनवणाऱ्या एका ब्रँडचं इन्स्टाग्राम खातं सांभाळते. या रीलमधून सांगायचा मुद्दा एकच आहे: बाटली बॅगेत आडवी पडली तरी गळत नाही. ट्रेंड निवडलाय तो "आम्ही अमुक आहोत, आम्ही तमुक करणारच" हा. त्यात एकेक जण कॅमेऱ्यासमोर येऊन स्वतःची सवय सांगतो. रील २० सेकंदांची आहे. कॅप्शनचा मसुदा असा:

"आम्ही बायका आहोत, आमच्या पर्समध्ये काहीतरी सांडणारच! पण ही बाटली? कधीच नाही!"

टीममधल्या एकीला हे खटकलं, बाकीचे हसले. मलाही कुठेतरी टोचतंय, पण नेमकं काय बदलायचं ते कळत नाही. मजकूर उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे.

बाणेदार

सोपं आहे. "बायका" काढा, "पुरुष" घाला. "आम्ही पुरुष आहोत, बॅग न आवरताच निघणार." पुरुषांवरचा विनोद कोणी मनाला लावून घेत नाही.

कोरापाटी

बाणेदार, तुमचं अर्धं पटलं. ज्याची नेहमीच टिंगल होते त्याची पुन्हा करू नये, हे खरंच. पण गट बदलला तरी वाक्य तेच काम करतं: आख्ख्या गटावर एक खोड चिकटवतं. उद्या बाटली घेणाऱ्यांत पुरुषही असणार आहेत. शिवाय "बॅग न आवरता" म्हटल्यावर बाटलीचा संबंध आणखीच सुटला.

शब्दवेल्हाळ, खटकतंय ते वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागात. या ट्रेंडमध्ये "आम्ही अमुक आहोत" नंतर जे येतं ते त्या अमुकचा स्वभाव म्हणून ऐकू येतं. तिथे माणसांचा गट ठेवलात की "सांडणारच" हा त्या गटावरचा आरोप होतो, मग तो गट बायकांचा असो, म्हाताऱ्यांचा असो की एखाद्या गावाचा. माणूस स्वतःबद्दल असं हसत बोलतो, ते चालतं. ब्रँड ग्राहकाच्या तोंडी घालतो तेव्हा ते ग्राहकाला सुनावल्यासारखं होतं.

म्हणून त्या जागी माणूस ठेवूच नका. बाटली गळली तर हाल कोणाचे होतात? लॅपटॉपचे, वहीचे, बॅगेच्या तळाचे. त्यांना बोलू द्या:

"मी बॅगेतला लॅपटॉप आहे, मी बाटलीकडे संशयानं बघणारच."
"मी शाईनं लिहिलेली वही आहे, मी कोपऱ्यात अंग चोरून बसणारच."
"मी बॅगेचा तळ आहे, मला सगळ्यात आधी कळणारच."
"मी झाकणातली रिंग आहे, मी पाणी अडवणारच."

शेवटच्या वाक्यात तुमचा मुद्दा आपोआप आला. आधीची तीन वाक्यं भीती दाखवतात, चौथं ती घालवतं. हा क्रम मोडू नका. रिंग आधी आणलीत तर लॅपटॉपच्या संशयाला अर्थ उरत नाही.

मराठीत आणखी एक सोय आहे. "-णारच" या रूपाला लिंग नाही. "विसरलो", "विसरले" लिहिलं की वाचणाऱ्यांतला एक भाग बाहेर राहतो. "विसरणारच" म्हटलं की सगळे आत. अशा कॅप्शनमध्ये भूतकाळ टाळता आला तर टाळाच.

टिकली_७

मला एक विचारायचंय. माझ्या डान्स क्लासच्या खात्यावर ट्रेंडिंग गाणी दिसतच नाहीत. ती कशी आणायची? ट्रेंडवर रील करायची तर गाणं लागणारच ना?

कोरापाटी

टिकली, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण थोडक्यात सांगतो. बिझनेस खात्याला बरीच लोकप्रिय गाणी मिळत नाहीत, कारण त्यांचा परवाना व्यावसायिक वापरासाठी नसतो. वैयक्तिक खात्यावरून तेच गाणं लावून क्लासची जाहिरात केली तरी हक्कांचा प्रश्न सुटत नाही. पैसे देऊन रील जास्त लोकांपर्यंत पोचवायची असेल तर तिथेही असं गाणं अडतं. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या. वरचा ट्रेंड गाण्यावर उभा नाही, बोलण्यावर आहे. आपल्याच आवाजात रेकॉर्ड केलं की काम होतं.

दुर्बीण

वाक्यं छान आहेत, पण मसुद्यातल्या "कधीच नाही" वर कोणी बोललंच नाही. मला तिथेच जास्त धोका दिसतो. लॅपटॉप संशय घेतो ही गंमत आहे हे सगळ्यांना कळतं, तो दावा होत नाही. "कधीच गळणार नाही" हा मात्र दावा आहे. धुताना सिलिकॉनची रिंग काढली आणि परत बसवायची राहिली, की पाणी गळतं. सोडा भरून बाटली हलवली तर आत दाब वाढतो आणि झाकण उघडताना फसफसून बाहेर येतं. असा एक फोटो कमेंटमध्ये आला की विनोद तुमच्यावरच उलटतो.

कंपनीनं जी चाचणी केली असेल तेवढंच लिहा. माहीत नसेल तर स्वतः करून बघा. बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, कोरड्या कागदावर १० मिनिटं उलटी धरा आणि कागदावर डाग पडतो का पाहा. मग "झाकण घट्ट लावा, बाटली आडवी टाका" एवढं बिनधास्त लिहिता येईल.

शब्दवेल्हाळ

"कधीच" काढलं. आता सगळी वाक्यं पडद्यावर टाकू की कॅप्शनमध्ये?

कोरापाटी

पडद्यावर चार वाक्यं, कॅप्शनमध्ये ती परत नकोत. रील बघताना कॅप्शनची पहिली ओळच दिसते, बाकी टॅप केल्यावर. त्यामुळे पहिली ओळ स्वतःच पूर्ण असू द्या. मी असं लिहीन:

"लॅपटॉपचा संशय फिटला. झाकण घट्ट लावा, बाटली आडवी टाका."

पडद्यावरचा मजकूर खालच्या साधारण एक तृतीयांश भागात ठेवू नका, नाहीतर नाव, कॅप्शन आणि बटणं त्यावर येतात. २० सेकंदांत चार वाक्यं म्हणजे प्रत्येकी ५ सेकंद. एकदा सावकाश वाचून पुन्हा नजर टाकण्याइतका वेळ आहे. आणि ज्या शब्दाबद्दल मनात शंका आहे तो व्हिडिओवर छापू नका. कॅप्शन नंतर बदलता येते, व्हिडिओत छापलेलं नाही.

चष्माघर

माझ्याकडे चष्म्यांचं दुकान आहे. हाच ट्रेंड वापरून "आम्ही चष्मिश आहोत, आम्ही चष्मा शोधणारच" असं केलंय. ठीक आहे ना? सगळे गिऱ्हाईक चष्मेवालेच आहेत.

कोरापाटी

म्हणूनच नको. "चष्मिश" हे अनेकांना शाळेत चिडवलेलं नाव आहे, आणि ते विकणाऱ्याच्या तोंडून येतंय. इथेही वस्तूला बोलू द्या: "मी पडद्यावरचं बारीक अक्षर आहे, मी तुम्हाला जवळ बोलावणारच."

बाणेदार

वस्तूंची वाक्यं मानली. पण ट्रेंडची मजा माणसाच्या चेहऱ्यात असते. नुसता लॅपटॉप आणि वही दाखवली तर लोक पुढे सरकतील.

दुर्बीण

बाणेदारांच्या बोलण्यात तथ्य आहे. टीममधल्या माणसांनाच लॅपटॉप, वही, तळ करा. लॅपटॉप झालेला माणूस मान वळवून बाटलीकडे बघतो, एवढा अभिनय पुरे.

कोरापाटी

मला नुसत्या वस्तू आणि आवाज जास्त आवडेल. माणूस दिसला की तो कोण, कसा, यावर लोक बोलू लागतात आणि बाटली मागे पडते. पण चेहऱ्यानं बघणारे थांबतात हेही खोटं नाही. सकाळी दोन्ही शूट करा, प्रत्येकी पहिले ५ सेकंद. टीममध्ये जिला खटकलं होतं तिला आधी दाखवा, आवाज बंद ठेवून.

शब्दवेल्हाळ

दोन्ही करते. वहीचं वाक्य मात्र माणूस करणार की खरी वही, ते अजून ठरत नाहीये. अंग चोरून बसणं माणसालाच जमतं, पण पसरलेली शाई वहीवरच दिसते.