मदत हवी आहे: काठाला काठ जुळतो, पण शिवल्यावर गळ्याला चुण्या

शुभदा_नागपूर
मुलासाठी पॉपलिनचा शर्ट शिवतेय. गांधीबागेतून आणलेल्या कापडातून आता एकच कॉलर निघेल, म्हणून कापण्याआधी विचारते. खांदे जोडून गळ्याच्या काठावर टेप उभी धरून मोजलं. पुढच्या मध्यापासून मध्यापर्यंत १४¼ इंच आलं. बटणाचा भाग दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच धरून स्टँड १५¼ चा काढला, मार्जिन वेगळं. कॉलरही तेवढीच. टाचण्या लावताना सगळं बरोबर बसलं. पाव इंचावर शिलाई मारली तर गळाभर चुण्या! दोनदा उसवलं, तरी तेच. शिवाय कॉलर स्टँडवर मावत नाही.

रेवती_व
गळ्याच्या मार्जिनला जवळजवळ कट मारा, मग तो उघडतो आणि चुण्या जातात. मी नेहमी तेच करते.

मंदा_काकू
माझ्या जॅकेटची बंद कॉलर मानेपासून लांब उभी राहते. त्यावर काही उपाय आहे का?

खडू_कात्री (महाल)
काकू, तुमची गोष्ट वेगळी, पट्टीला पुढे गोलाई कमी पडली असेल. वेगळा धागा काढा, बघू.

शुभदाताई, तुम्ही मोजलं काठावर आणि शिवलं पाव इंच आत. गळा खोलगट गोल असतो, म्हणून शिलाईची रेघ काठापेक्षा मोठी निघते. स्टँड जवळपास सरळ, त्याचा काठ आणि शिलाई सारखीच. म्हणून टाचण्या फसवतात. पेपर पॅटर्नवर काठापासून पाव इंच आत रेघ मारून तीच मोजा. अर्ध्या गळ्याला मागे ३¼, पुढे ४½ च्या आसपास येईल, म्हणजे पूर्ण १५½. बटणाचा १ इंच मिळवून स्टँड १६½.

रेवतीताई म्हणतात तसे कट हवेतच, पण सव्वा इंचाची तूट त्यांनी भरत नाही.

कॉलर मात्र गळ्यावरून काढू नका. स्टँड पुढे अर्धा इंच वर वळवला की त्याची वरची रेघ खालच्यापेक्षा लहान होते. ती वरची रेघ मागच्या मध्यापासून पुढच्या मध्यापर्यंत मोजा, अर्धी कॉलर तेवढीच. बटणाच्या टोकापर्यंत ती जात नाही.

शुभदा_नागपूर
दादा, पॅटर्नवर खरंच १५½ आलं! जुन्या चादरीतून १६½ चा स्टँड कापून टाचला. मागे छान बसला, पण पुढे गळाच पाव इंच वाढलाय. दोनदा उसवल्याने ताणला असेल?

खडू_कात्री (महाल)
हो, पुढचा भाग तिरका असतो, लगेच ताणतो. पॅटर्न खाली ठेवून गळ्यावर वाफेची इस्त्री दाबा, ओढू नका. मग मार्जिनमध्ये एक साधी शिलाई घालून धरून ठेवा.

रेवती_व
मी तर स्टँडच पाव इंच वाढवला असता.

खडू_कात्री (महाल)
मग गळा सैलच राहील. पण पॉपलिन कितपत आवळेल, ते इस्त्री केल्यावरच कळेल. तोवर चांगलं कापड कापू नका.