मदत हवी आहे: कॅन्टीनच्या जेवणातलं तेल कॅलरीच्या नोंदीत कसं धरायचं?

अडला_हरी
पाच आठवडे झाले, रोज न चुकता नोंद करतोय. रोजचे 1650 पडतात. अ‍ॅपच्या हिशोबाने आठवड्याला जवळजवळ अर्धा किलो उतरायला हवं होतं, काटा जागचा हलत नाही. घरचं जेवण मोजून असतं, म्हणजे घोळ दुपारच्या कॅन्टीनमध्येच आहे. भाजीवर तेल दिसतं, पण किती आहे ते कळणार कसं? कृपया "डबा न्या" सांगू नका, ते शक्य नाही. लवकर सांगा, वैतागलोय.

सुगरण_माई
अरे पण डबा का शक्य नाही? सकाळी दोन पोळ्या आणि सुकी भाजी करायला वीस मिनिटं लागतात. माझा मुलगा बाणेरला असताना स्वतः करून न्यायचा.

अडला_हरी
माई, पहिल्याच धाग्यात लिहिलंय हो.

ग्रॅममोजी
माहिती अपुरी आहे. उंची, वजन, वय? 1650 हा आकडा कशातून वजा करून आला? कॅन्टीनच्या ताटात काय असतं आणि आत्ता तेल किती धरता? वजन रोज घेता की आठवड्यातून एकदा? आणि शनिवार-रविवारचं काय?

मावळातला
तेलाला एवढं घाबरायचं कारणच नाही. दोष रिफाइंड तेलाचा. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल किंवा घरचं साजूक तूप खाल्लं की वजन वाढत नाही, स्वानुभव आहे. माझे आजोबा वाटीभर तूप खायचे आणि नव्वदीपर्यंत गड चढले.

ग्रॅममोजी
आजोबा गड चढायचे म्हणून वाटीभर तूप चालायचं. घाण्याचं असो की डब्यातलं, एका ग्रॅमला नऊच कॅलरी. तुपाचंही जवळपास तेच. चव आणि तब्येत हे वेगळे विषय, त्यासाठी वेगळा धागा काढा.

मावळातला
सगळं आकड्यात बसवायचं असेल तर जेवूच नका.

अडला_हरी
वय 34, पुरुष, 5 फूट 8 इंच. पहिल्या आठवड्याची सरासरी 82.1, या आठवड्याची 81.7. रोज सकाळी वजन करतो. अ‍ॅपने 2150 लागतात असं सांगितलं, त्यातून 500 वजा केले. दुपारी तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक रस्साभाजी किंवा आमटी, भात. तेल म्हणून दोन्ही भाज्यांचं मिळून दोन टीस्पून धरतो, म्हणजे 9 ग्रॅम. शनिवारी सकाळी मित्रांबरोबर मिसळ, तीही नोंदवतो ("मिसळ, 1 प्लेट").

ग्रॅममोजी
आता बोलता येईल. पाच आठवड्यांत 400 ग्रॅम उतरलं. किलोला साधारण 7700 कॅलरी धरल्या तर ही रोजची जेमतेम 90 ची तूट झाली. तुमच्या कागदावर 500 आहे. म्हणजे रोज चारशेच्या आसपास कुठेतरी सांडतायत.

आता हे चारशे सगळे तेलाचे आहेत का ते बघा. चारशे कॅलरी म्हणजे 45 ग्रॅम तेल. कॅन्टीन आठवड्यातून पाचच दिवस, म्हणजे सगळा दोष तिथे टाकायचा तर एका ताटात तुम्ही धरलेल्या दोन टीस्पूनच्या वर आणखी साठेक ग्रॅम तेल हवं. एवढं असतं तर पोळीला तवंग लागला असता. शिवाय 2150 हा आकडासुद्धा सूत्राने काढलेला अंदाज, माणसागणिक दीड-दोनशे इकडेतिकडे सहज होतात. तेव्हा तेल मोजा, पण उरलेला चोरही शोधा.

निशिगंधा_पी
मला पण हाच त्रास आहे! मी होस्टेलच्या मेसमध्ये जेवते, पीसीओडी आहे. मेसवाल्या काकू म्हणतात तेल कमी घालतो, पण बशीला ओघळ येतो. तर मी रात्रीचं जेवण बंद करू का?

सुगरण_माई
अजिबात बंद करू नकोस गं. डॉक्टरांना विचार आधी.

भटारखाना
पंधरा वर्षं इंडस्ट्रियल कॅन्टीन चालवली, आता मुलगा बघतो. ताटात बघून तेल कळत नाही, आम्हालाही कळायचं नाही. आम्ही डब्यावरून बघायचो. तुमच्या कॅन्टीनच्या स्टोअरवाल्याशी गोड बोला आणि दोनच गोष्टी विचारा: दुपारच्या जेवणाला तेलाचा एक डबा किती दिवस पुरतो आणि रोज ताटं किती जातात. भागाकार करा. बाकी सगळे अंदाज याच्यापुढे फिके.

डब्यावर काय छापलंय ते मात्र वाचा. 15 किलो आणि 15 लिटर एक नाही. 15 लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा-पावणेचौदा किलोच भरतं.

अजून एक. मोठ्या पातेल्यात तर्री वर तरंगते. वाढणारा पळी वरच्यावर फिरवतो तेव्हा पहिल्या पंगतीला तेल जास्त जातं, दोन वाजता येणाऱ्याला खालचा रस्सा मिळतो. काही ठिकाणी तर तेल-मिरचीचा तवंग वेगळा करून वाढताना वरून सोडतात, भाजी कालची वाटू नये म्हणून. सरासरी बरोबर आली तरी तुमचं ताट सरासरीचं असेल असं नाही.

कोल्हापुरी_झणका
तर्री वेगळी सोडतात ती पुण्यातली पद्धत. आमच्याकडे कट मुळातच कटासारखा असतो.

सदाशिव_खवचट
झालं, आता मिसळीवर दोनशे प्रतिसाद. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रिकामा_डबा
एवढं कशाला? टिश्यू पेपर घ्या, भाजीवर दाबा, आधी आणि नंतर वजन करा. फरक म्हणजे तेल. मी वड्यांना असंच करतो.

ग्रॅममोजी
वड्याच्या बाहेरच्या तेलापुरतं ठीक आहे. भाजीवर टिश्यू दाबला की तो आधी पाणी पितो, तुम्ही त्याला तेल समजून नोंदवणार. आणि वड्याच्या आवरणात मुरलेलं तेल टिश्यूला येतच नाही.

रश्श्यासाठी दुसरा मार्ग आहे. एक दिवस रस्साभाजी पार्सल घ्या. गरम असतानाच गाळून रस्सा सरळ भिंतीच्या पेल्यात ओता आणि अर्धा तास हलवू नका. तेल वर येतं, कडेने पट्टी लावून थराची जाडी मोजा. पेल्याचं तोंड आतून सहा सेंटिमीटर असेल तर अर्धा सेंटिमीटर थर म्हणजे 14 मिली, वजनात 13 ग्रॅम, साधारण एक टेबलस्पून, 115-120 कॅलरी. घरी तीन वेळा केलंय, चमच्याने काढून काट्यावर टाकलेलं तेल आणि हा हिशोब जवळ येतात.

हे पातळ रश्श्यालाच लागू. काजू-कांद्याच्या वाटणात तेल धरून राहतं, वर येतच नाही. वांगं स्वतःच पिऊन बसतं. पनीर मखनी पेल्यात ठेवलीत आणि वर काही दिसलं नाही म्हणून खूश झालात तर फसाल.

रिकामा_डबा
फ्रीजमध्ये ठेवलं तर तेल गोठतं, मग अख्खी चकती उचलता येते. तुमच्यापेक्षा सोपं.

भटारखाना
पामतेल, डालडा किंवा तूप असेल तर गोठेल. सोयाबीन-सूर्यफूल साध्या फ्रीजमध्ये गोठत नाही. चकती आली नाही म्हणजे तेल नाही असं समजू नका.

अडला_हरी
भटारखाना साहेब, आज विचारून आलो. स्टोअरवाला आधी "तुम्ही ऑडिटचे का?" म्हणाला. डबा 15 किलोचा (वाचला), दुपारच्या जेवणाला दोन दिवस पुरतो, रोज 320 ताटं. म्हणजे 15000 भागिले 640, ताटाला 23 ग्रॅम. मी 9 धरत होतो! 14 ग्रॅमचा फरक, रोज 126 कॅलरी. सापडला चोर.

ग्रॅममोजी
चारशेतले सव्वाशे सापडले, तेही पाचच दिवस. नाश्ता त्याच डब्यातून करतात का? तळण असतं का?

अडला_हरी
नाश्त्याचा डबा वेगळा आहे म्हणाला. तळण बुधवारी, पुऱ्या किंवा भजी.

भटारखाना
मग 23 हा आकडा थोडा फुगलेला आहे. तळणीचं उरलेलं तेल टाकून देत असतील तर ते कुणाच्या पोटात गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी फोडणीला वापरत असतील, आणि पुष्कळ जण वापरतात, तर ते ताटातच आलं. तुम्ही बुधवार सोडून बाकी चार दिवसांना 20 धरा आणि बुधवारचं वेगळं बघा. पुरीचं तेल मला विचाराल तर सांगता येणार नाही. कणीक सैल, तेल कमी तापलेलं, की पुरी दुप्पट पिते.

ग्रॅममोजी
20 धरायला हरकत नाही. मी असतो तर 23 च ठेवलं असतं. लवकर जेवायला जाणाऱ्याला वरची तर्री मिळते असं तुम्हीच म्हणालात. अडला_हरी, किती वाजता जेवता?

अडला_हरी
साडेबाराला. गर्दी टाळायला. 🤦

सुगरण_माई
चहा किती पितोस रे दिवसाला? ते लिहिलंच नाहीस कुठे.

अडला_हरी
ऑफिसात चार. मशीनचा असतो, एवढासा कप. तो कोण मोजतं माई?

सुगरण_माई
अरे, मशीनच्या चहात साखर आधीच घातलेली असते, दुधाची पावडर पण. आमच्या ह्यांची शुगर त्यानेच वाढली होती.

ग्रॅममोजी
माईंना दंडवत. प्रीमिक्सचा छोटा कप पन्नास-साठ कॅलरींचा असतो. चार कप म्हणजे दोनशेच्या वर. तेलाचे सव्वाशे मिळवा, कामाच्या दिवशीचे साडेतीनशेच्या आसपास इथेच झाले. उरले शनिवार-रविवार, पण त्यासाठी मिसळ आहेच. "1 प्लेट" मध्ये अ‍ॅप एकदाच कट धरतं. तुम्ही रस्सा किती वेळा मागता?

कोल्हापुरी_झणका
दोनदा न मागणारा माणूस नव्हे.

अडला_हरी
दोनदा. कधी तीनदा. बरं, पुढचे तीन आठवडे असं करतो: कॅन्टीनला 23 ग्रॅम, चहा नोंदवायचा, मिसळीच्या प्रत्येक जादा रश्श्याला एक टेबलस्पून तेल. मग आकडे टाकतो इथे.

ग्रॅममोजी
चालेल. फक्त मधेच 1650 चे 1400 करू नका, नाहीतर कशामुळे उतरलं ते कळणार नाही. आणि शनिवारच्या मिसळीनंतर रविवारी काटा किलोभर वर गेला तर तो मिठाने धरलेल्या पाण्याचा असतो. आठवड्याची सरासरीच बघा.

मावळातला
तीन आठवड्यांनी पण तेच रडगाणं असेल. घाण्याचं तेल घ्या.

निशिगंधा_पी
माझ्या मेसमध्ये डबा 15 लिटरचा आहे आणि मुली 85, पण नाश्ता, दुपार, रात्र सगळं त्यातूनच. साडेतीन दिवस पुरतो म्हणतात काकू. याचं काय करू?

भटारखाना
ताई, मग एका जेवणाचं सोडा, दिवसाचंच काढा. 13.6 किलो भागिले साडेतीन, भागिले 85. सगळ्या मुली तिन्ही वेळा जेवतात का ते आधी सांगा, रविवारी अर्ध्या घरी जात असतील.