मदत हवी आहे: शनिवारी रात्री व्हीपीएन बंद राहणार, स्टाफला मेल कसा लिहू?

सातपूरवाला

नमस्कार मंडळी. नाशकात एका मध्यम कंपनीत आयटी बघतो, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकण्यापासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. १४० माणसं आहेत, त्यातली साठेक घरून नाहीतर साईटवरून व्हीपीएनने येतात, ओपनव्हीपीएन आहे, पाचेक वर्षांपूर्वी माझ्या आधीच्या माणसाने बसवलेलं. आता इंटरनेटची लाईन बदलतोय त्यामुळे ऑफिसचा पब्लिक आयपी बदलणार, म्हणून या शनिवारी रात्री व्हीपीएन बंद ठेवून काम उरकायचं ठरलंय.

मागच्या वेळी साधा अपडेट होता तरी मेल टाकून माझीच फजिती झाली, सोमवारी सकाळी साडेनऊला ११ मिस्ड कॉल. म्हणून या वेळी आधी इथे दाखवतो. मेल असा लिहिलाय:

> सर्वांना कळविण्यात येते की शनिवारी रात्री १२ ते ४ या वेळेत देखभालीच्या कामासाठी व्हीपीएन सेवा बंद राहील. काम पूर्ण झाल्यावर अडचण आल्यास इंट्रानेटवरील सूचना पाहाव्यात किंवा हेल्पडेस्क पोर्टलवर तिकीट टाकावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

काय चुकतंय सांगा. आज सोमवार आहे, मेल उद्यापर्यंत जायला हवा.

गवती_चहा

दादा व्हीपीएन बंद असेल तर दुसरं कुठलंतरी फुकटातलं टाका की, माझ्या भाच्याने मोबाईलवर टाकलंय, परदेशातल्या मॅच दिसतात.

सातपूरवाला

ताई ते वेगळं, हे ऑफिसच्या आतल्या सर्व्हरला पोचायचं व्हीपीएन आहे. मॅच नाही दिसत, टॅली दिसतं 😄

जुना_केबलवाला

मेलमधली पहिली चूक म्हणजे “शनिवारी रात्री १२”. ती रात्र शुक्रवारनंतरची की शनिवारनंतरची? आमच्याकडे याच वाक्यावर अर्धा स्टाफ एक दिवस आधीच काम आवरून बसला होता आणि उरलेला अर्धा ऐन कामाच्या वेळी आत लॉगिन. बारा हा आकडाच टाळा. शनिवार रात्री ११:३० ते रविवार पहाटे ३:३० असं लिहा, दोन्ही वार, दोन्ही तारखा.

दुसरी चूक जास्त मजेशीर आहे. व्हीपीएन लागलं नाही तर इंट्रानेट बघा म्हणताय, पण घरी बसलेल्या माणसाला इंट्रानेट दिसतं ते व्हीपीएनमधूनच ना? आणि तिकिटाचं पोर्टल?

सातपूरवाला

😶 तेही आतच आहे. म्हणजे मागच्या वेळी तिकीट एकही आलं नाही आणि फोन ११ आले ते म्हणून. मी तर साहेबांना सांगितलं होतं की शून्य तक्रारी.

जुना_केबलवाला

हाहा. तर मग “नंतर काय करायचं” ते सगळं मेलमध्येच लिहा, आणि सोमवारी सकाळी ८ पासून उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या. पण खरा प्रश्न मेलचा नाहीये. लोकांच्या लॅपटॉपवरच्या प्रोफाईलमध्ये पत्ता नावाने आहे की आयपीने? `.ovpn` फाईल नोटपॅडमध्ये उघडून `remote` ने सुरू होणारी ओळ बघा.

सातपूरवाला

तीन लॅपटॉप बघून आलो. दोनमध्ये अशी आहे, नाव आणि आयपी बदलून टाकतोय:

```
remote vpn.example.com 1194
```

आणि स्टोअरच्या माणसाच्या जुन्या लॅपटॉपवर ही निघाली:

```
remote 203.0.113.25 1194
```

म्हणजे काही लोकांकडे सरळ आयपी आहे. किती जणांकडे ते माहीत नाही, याद्या वगैरे आधीच्याने काही ठेवलेल्या नाहीत.

रीस्टार्टराव

एवढं काय त्यात, सोमवारी सगळ्यांना लॅपटॉप रीस्टार्ट करायला सांगायचं, नाहीतर ही कमांड द्यायची, जुना आयपी लक्षात राहिलेला असतो तो पुसला जातो, झालं काम:

```
ipconfig /flushdns
```

आमच्याकडे दरवेळी असंच करतो, आजवर अडलं नाही.

जुना_केबलवाला

@रीस्टार्टराव ज्यांच्या फाईलमध्ये नाव आहे त्यांच्यापुरतं बरोबर, तेही पूर्ण नाही. ज्याच्या फाईलमध्येच आयपी लिहिलाय त्याने दहा वेळा रीस्टार्ट केलं तरी तो जुन्याच दारावर जाऊन कडी वाजवणार. पुसायला तिथे काही नाहीच. आणि नाववाल्यांचं म्हणाल तर लॅपटॉपशिवाय घरचा राऊटर आणि वरची इंटरनेट कंपनी पण जुनं उत्तर धरून ठेवतात, ते या कमांडने जात नाही.

@सातपूरवाला डोमेनच्या पॅनेलमध्ये त्या नावाचा टीटीएल किती आहे बघा.

सातपूरवाला

८६४००

जुना_केबलवाला

म्हणजे तेवढे सेकंद, २४ तास. शनिवारी संध्याकाळी ७ ला कोणाच्या राऊटरने जुनं उत्तर घेतलं तर रविवारी संध्याकाळी ७ पर्यंत तो तेच धरून बसू शकतो, आणि त्या माणसाला वाटणार की आयटीने व्हीपीएन मोडून ठेवलं. तो आकडा आजच ३०० करा, म्हणजे ५ मिनिटं. शनिवारी रात्री केलात तर उपयोग नाही, कारण आधीचं २४ तासवालं उत्तर तोवर सगळीकडे जाऊन बसलेलं असतं. किमान एक अख्खा दिवस आधी हवं. आयपी बदलून आठवडाभर शांत गेलं की परत वाढवा.

आता आयपीवाले. कोण कोण ते मेलने विचारत बसू नका, निम्मे उत्तर देत नाहीत आणि देतात त्यातले निम्मे चुकीचं देतात. जुनी लाईन शनिवारी तोडू नका, महिनाभर चालू राहू दे. सर्व्हरवर ओपनव्हीपीएनची दुसरी इन्स्टन्स ११९५ पोर्टवर चालवा, तिला टनेलची रेंज वेगळी द्या आणि स्टेटस फाईल वेगळी द्या. जुन्या लाईनवर ११९४ ला येणारं सगळं त्या ११९५ वर वळवा. आता नवी लाईन सुरू झाल्यावर जो कोणी या दुसऱ्या स्टेटस फाईलमध्ये दिसेल तो जुन्या आयपीने येतोय. यादी आपोआप तयार, नावासकट. पहिला दिवस सोडून द्या, त्यात टीटीएलवाले पण दिसतील. मंगळवारनंतर जे उरतील ते खरे आयपीवाले, त्यांना एकेकाला फोन करायचा.

एक मेख आहे. दोन्ही लाईन एकाच फायरवॉलमध्ये येतात का? येत असतील तर आलेल्या लाईनीनेच उत्तर परत पाठवायचं काम तो बहुतेक स्वतः सांभाळतो. वेगवेगळे राऊटर असतील तर सर्व्हरचं उत्तर नव्या लाईनने बाहेर पडतं आणि समोरच्याचं कनेक्शन लागतच नाही.

सातपूरवाला

एकच फायरवॉल आहे, दोन वॅन पोर्ट. सुटलो. पण बंद व्हायचंच नसेल तर मग बंद ठेवण्याची मेल कशाला 😅

जुना_केबलवाला

ठेवाच. फायरवॉल रीस्टार्ट होणार, तेव्हा जो आत असेल तो बाहेर फेकला जाणार, अर्धवट उघडी टॅली फाईल कोणाची तरी जाणार. आणि वेळ हातात असली की काहीतरी चुकलं तर मागे फिरता येतं. स्वतःसाठी ठरवा, २:३० पर्यंत टेस्ट लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून आत नाही आला तर जुनं होतं तसं करायचं. ऑफिसच्या वायफायवरून टेस्ट करू नका, आतून सगळं छानच दिसतं.

लेजर_ताई

मी अकाउंट्सवाली, तांत्रिक कळत नाही पण एक सांगते. आमच्या ऑफिसने अशीच लाईन बदलली, व्हीपीएन छान लागलं, हिरवं चिन्ह आलं आणि बँकेच्या पोर्टलने मात्र आत घ्यायला नकार दिला. दोन दिवस पगाराची फाईल अडकली. बँकेकडे म्हणे आमच्या ऑफिसचाच आयपी नोंदवलेला होता. आयटीवाले म्हणत होते व्हीपीएन चालू आहे, आणि ते खरंही होतं. आणि कृपा करून २० तारखेच्या तोंडावर हे असलं काही ठेवू नका, जीएसटीचं ३बी भरायचं असतं.

सातपूरवाला

ताई साष्टांग नमस्कार. आमच्याकडे पण घरून काम करणाऱ्यांचं सगळं इंटरनेट ऑफिसमधूनच बाहेर जातं, म्हणजे बँकेला ऑफिसचाच आयपी दिसतो. अकाउंट्सला विचारलं, बँक एक आणि एका कस्टमरचा फाईल सर्व्हर, दोघांकडे जुना आयपी नोंदवलाय. बँकेला नवा आयपी जोडायला अर्ज लागतो, सहीसकट. आजच पाठवतो. जुना काढू नका, नवा जोडा असं लिहितोय.

एडिसनची_सून

मी न्यू जर्सीतून एका पुण्याच्या टीमबरोबर काम करते. असे मेल आले की “रात्री” वाचून आम्ही निवांत असतो आणि आमच्या भर दुपारी सगळं बंद पडतं. तुमचे ११:३० म्हणजे सध्या इकडे शनिवार दुपारचे २. तुमचं कोणी बाहेर असेल तर त्यांची वेळ पण लिहा प्लीज.

सातपूरवाला

बाहेर दोघंच आहेत, दोघं दुबईत. म्हणजे त्यांचे रात्रीचे १०. लिहितो.

आयपीवाल्यांना त्यांनीच नोटपॅडमध्ये ती एक ओळ बदलावी असं मेलमध्ये सांगू का? नवीन फाईल सगळ्यांना मेलवर पाठवण्यापेक्षा सोपं.

रीस्टार्टराव

हो सोपं आहे, मी हेच सांगतो लोकांना.

जुना_केबलवाला

अजिबात नको. कोणी ‘सेव्ह ॲज’ केलं की नोटपॅड मागे `.txt` चिकटवू शकतो, विंडोज ते लपवतो, माणसाला फाईल बरोबरच दिसते आणि ओपनव्हीपीएन मात्र जुनीच फाईल वापरत राहतो. प्रोग्राम फाईल्समध्ये असेल तर सेव्हच होत नाही. आणि ती फाईल ग्रुपवर कोणी टाकली तर त्यात प्रत्येकाची खाजगी की असते, म्हणजे घराची किल्लीच. दहाबारा माणसं असतील, रिमोटने बसून तुम्हीच बदला.

सातपूरवाला

ठीक. नवा मेल, बघा:

> व्हीपीएन शनिवार रात्री ११:३० ते रविवार पहाटे ३:३० बंद राहील (दुबई: शनिवार रात्री १० ते २). ११:१५ पर्यंत टॅली आणि फाईली सेव्ह करून व्हीपीएन तोडा.
>
> सोमवारी: लॅपटॉप रीस्टार्ट करा, नेहमीसारखं जोडा. लागलं तर बँकेचं काम करणाऱ्यांनी बँकेचं पोर्टल पण उघडून बघा. मिनिटभर थांबून “TLS key negotiation failed” असं आलं तर मोबाईल हॉटस्पॉटवरून एकदा जोडून बघा आणि दोन्हींचं काय झालं ते सांगायला फोन करा, सकाळी ८ पासून. पासवर्ड बदलू नका, ओपनव्हीपीएन काढून परत टाकू नका.

जुना_केबलवाला

छान. हॉटस्पॉटवर लागलं आणि वायफायवर नाही तर अडचण घरच्या राऊटरकडे किंवा लाईनीकडे आहे, आधी राऊटर बंदचालू करायला सांगा.

सातपूरवाला

आज पुढचा गुरुवार, अपडेट देतोय. सोमवारी फोन ३. दोघांचे राऊटर, तिसऱ्याचा पासवर्डच विसरलेला, त्याचा याच्याशी संबंध नाही. बँकेचं बुधवारी झालं, अर्ज दोनदा परत आला होता. जुन्या लाईनवर पहिल्या दिवशी १९ जण दिसले, आज ६ उरले, पाच बसून बदलले.

सहावा `test2` नावाने येतो. रोज सकाळी ६:४० ला जोडतो, वीसेक मिनिटं असतो, जातो. आमच्याकडे या नावाचं कोणाला दिलेलं नाही, आधीचा माणूस फोन उचलत नाही. येतो तो नाशकातल्याच एका मोबाईल नेटवरून.

लेजर_ताई

बाई गं, ६:४० ला कोण काम करतं?

रीस्टार्टराव

ब्लॉक करून टाका, ज्याचं असेल तो बोंबलत येईल.

जुना_केबलवाला

सर्टिफिकेट रद्द करायचंच आहे, पण आधी तो आत कुठल्या मशीनला जातो ते फायरवॉलच्या लॉगमध्ये बघा. उद्या ६:३० ला उठा.